पायलट, तळं डावीकडे ठेवा!

‘घर कुठे आहे तुमचं?’ हा प्रश्न आमच्या आळीत गेल्या कित्येक वर्षांत कुणी कुणाला विचारलेला नाही. पोस्टमन माणसांना तोंडावरून ओळखतो, दूधवाला कडीच्या आवाजावरून. पाहुणे एसटी स्टँडवर उतरतात, समोर दिसेल त्याला नानांचं नाव सांगतात आणि तो समोरचा त्यांना दारापर्यंत आणून सोडतो, वर चहालाही थांबतो. महाडसारख्या गावात पत्ता लागतो तो फक्त लग्नपत्रिकेवर छापायला आणि रेशनकार्डावर चुकीचा असायला.

त्यामुळे त्या रात्री साडेनऊला फोनवरच्या बाईंनी शांतपणे ‘पेशंट कुठे आहे, सर?’ असं विचारलं, तेव्हा मी तितक्याच शांतपणे सांगितलं, ‘वर, माडीवर.’

पेशंट म्हणजे आमचे नाना. एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. महाड-पोलादपूर-महाबळेश्वर ही गाडी त्यांनी उमेदीची सगळी वर्षं आंबेनळी घाटातून चढवली आणि उतरवली. त्यांच्या छातीत संध्याकाळपासून दुखत होतं. पण आपल्याकडे छातीत दुखणं हा आजार नसून अजीर्णाचा एक प्रकार आहे. माईंनी ओवा दिला, शेजारच्या वहिनींनी सोडा दिला, गुरुजींनी पाठीवर थोपटलं आणि ‘गॅस आहे’ असा निकाल एकमताने लागला. नानांचा डावा हात जड झाला, कपाळावर घाम आला, तरी ‘गॅस हातात उतरला’ असं सांगणारा एक जण निघालाच. शेवटी नाना म्हणाले, ‘छातीवर कुणीतरी बसलंय रे,’ तेव्हा मात्र सगळे एकदम उठून उभे राहिले, जणू तो आपल्यापैकीच कुणीतरी असावा.

108 ला फोन लावायचं काम माझ्याकडे आलं, कारण आळीत मी शिकलेला समजला जातो. ही सेवा महाराष्ट्रात 2014 साली 937 गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिचा फोन थेट पुण्यात उचलला जातो, एवढी माहिती मला होती. ती मी नंबर लागेपर्यंत सगळ्यांना सांगूनही टाकली. पण पुण्यात फोन उचलला जातो याचा अर्थ उचलणाऱ्याला आमची आळी ठाऊक नसते, हे ध्यानात आलं नव्हतं.

‘तालुका?’ बाईंनी विचारलं.

‘महाड.’

‘म्हाडा कॉलनी?’

‘नाही, महाड. जिल्हा रायगड.’

इतक्यात गुरुजींनी माझ्या हातून फोन ओढला आणि ओरडले, ‘अहो, किल्ल्यावर पाठवू नका, खाली पाठवा!’

बाईंचा संयम मोठा. त्यांनी पेशंट शुद्धीवर आहे का, श्वास नीट आहे का, वय काय, घाम येतोय का, हे सगळं विचारून घेतलं. चालवू नका, पाठीला टेकून बसवा, कपडे सैल करा, असं सांगितलं. मग म्हणाल्या, ‘ह्याच नंबरवर गाडीतून फोन येईल. हा नंबर मोकळा ठेवा.’

महाडची गाडी हायवेवरच्या एका अपघाताला गेली होती, त्यामुळे जवळची मोकळी गाडी पोलादपूरहून निघाली. अंतर वीसेक किलोमीटर. म्हणजे आमच्या हातात घोळ घालायला साधारण अर्धा तास होता, आणि आम्ही त्यातलं एक मिनिटही वाया घालवलं नाही.

नंबर मोकळा ठेवा म्हटल्यावर पहिल्यांदा काय झालं, तर बातमी फुटली. कुणीतरी घराण्याच्या ग्रुपवर ‘नाना सीरियस’ एवढंच टाकलं आणि खाली माझा नंबर दिला. ठाण्याची आत्या, पुण्याचा भाचा, बिरवाडीचे मामा, सगळे एकामागून एक. प्रत्येकाला मी ‘गाडीचा फोन यायचाय, ठेवतो’ हे सविस्तर समजावून सांगत होतो. आत्यांना तर दोनदा सांगितलं, कारण त्यांनी पहिल्यांदा ऐकलं नव्हतं. त्या वेळात गाडीचा पायलट (108 च्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात) माझा नंबर लावत होता आणि ‘आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता’ ऐकत होता.

पुण्याच्या भाच्याने मात्र नुसती चौकशी केली नाही, कृती केली. ‘मामा, पत्ता सांगत बसू नका, लोकेशन पाठवतो मी,’ म्हणाला आणि खरंच पाठवलं. कुठलं? तो बसला होता तिथलं. कोथरूडचं. ते मी पायलटकडे पुढे ढकललं. पायलटचा फोन अखेर लागला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, ‘साहेब, हे तीन तासांवर दाखवतंय. ताम्हिणीतून जाऊ का?’

मग मी स्वतःचं लोकेशन पाठवलं. माडीवर, पत्र्याखाली, तीन बाजूंना भिंती असताना. अशा जागी फोन स्वतःभोवती एक फिकट निळं वर्तुळ काढून दाखवतो. त्याचा अर्थ, मी ह्या वर्तुळात कुठेतरी आहे, पण नक्की कुठे ते मलाही ठाऊक नाही. मोकळ्या माळावर साठ-सत्तर मीटरची चूक काहीच नाही. आमच्या आळीत तेवढ्यात तीन बोळ, एक विहीर आणि दोन वैरं बसतात. खूण पडली ती आमच्या मागल्या भिंतीच्या पलीकडे, म्हणजे मागच्या बोळात. आमच्या घराला त्या बाजूने दार नाही. होतं, ते भावकीत बुजवलं.

‘मागच्या बोळात येऊ नका,’ मी पायलटला सांगितलं.

‘मग पुढचा बोळ कुठला?’

इथून आळी बोलू लागली. फोन स्पीकरवर टाकला, ही कल्पना वहिनींची. मला ती त्या वेळी चांगली वाटली.

‘जुन्या टॉकीजच्या समोरून आत या,’ एक जण म्हणाला.

‘टॉकीज कुठे दिसेल?’

‘आता नाही दिसायची, पाडली.’

‘एकवीसच्या पुरात होडी अडकली होती ना, त्या खांबापासून डावीकडे,’ दुसऱ्याने मदत केली.

ह्यात चेष्टा नाही. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारी दोन्ही गावात शिरल्या तेव्हापासून आमच्या गावाचा नकाशाच पाण्यावर काढलेला आहे. कुठलं दुकान कुठे, यापेक्षा कुठे पाणी किती चढलं, हे आम्हाला पाठ. पण पोलादपूरच्या माणसाला ते कसं कळावं? त्याला खांब दिसेल, होडी कशी दिसेल?

‘चवदार तळ्याजवळ म्हणा, चवदार तळं जगाला माहितीय,’ गुरुजी म्हणाले. बरोबर. 20 मार्च 1927 च्या सत्याग्रहानंतर ते तळं साऱ्या देशाला माहीत झालं, पायलटलाही माहीत होतं. तो आनंदाने म्हणाला, ‘हां, तळ्यावर आलो!’ आम्हीही आनंदलो. पुढची काही मिनिटं आम्ही आळीच्या तोंडाशी डोळे लावून बसलो. तळ्यावर आलेली गाडी आम्हाला दिसेना आणि तळ्याजवळ राहणारे आम्ही गाडीला दिसेनात. जगप्रसिद्ध खुणेची हीच अडचण आहे. तळ्याला चार बाजू आहेत, आणि तो त्यातल्या जिथे आम्ही नव्हतो त्या बाजूला उभा होता.

‘डावीकडे वळा,’ मी म्हणालो.

‘कुणाच्या डावीकडे?’

हा प्रश्न मला तेव्हा उद्धट वाटला. पण विचार करा. मी माडीच्या खिडकीत उभा, तोंड रस्त्याकडे. तो रस्त्यावर, तोंड माझ्याकडे. माझं डावं ते त्याचं उजवं. घरात बसून दिशा सांगणारा प्रत्येक माणूस स्वतःच्या दारातून बाहेर पडायचा रस्ता सांगत असतो, आणि येणाऱ्याला तो उलटा चालायचा असतो. शिवाय मी सांगताना हातानेही दाखवत होतो. ‘असं सरळ, मग असं,’ म्हणत मी खिडकीत हात फिरवत होतो. खालून कुणीतरी ‘काय, पतंग उडवतोयस काय?’ असं विचारलंही.

पायलट कंटाळला नव्हता, हे त्याचं मोठेपण. तो एवढंच म्हणाला, ‘साहेब, आमच्या पोलादपूरच्या वाड्यांवर बरं असतं. वरपर्यंत गाडी जातच नाही. माणसं पेशंटला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत खाली घेऊन येतात आणि बॅटऱ्या हलवत उभी राहतात. चुकायचा प्रश्नच नाही. तुमच्यात कुणी रस्त्यावर उभं आहे का?’

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आळीतली एकूण एक कर्ती माणसं नानांच्या खोलीत होती. रस्त्यावर फक्त मोटारसायकली उभ्या होत्या.

या सगळ्यात नाना उशाला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. आता त्यांनी एक डोळा उघडला. ‘कुठून आलाय तो? पोलादपूरहून ना? मग सावित्रीचा पूल ओलांडून…’

‘नाना, बोलू नका!’

‘…फाटा चुकला तर थेट नातेखिंडीत जाईल म्हणावं…’

‘नाना, तो तळ्यावर आलाय!’

‘मग गिअर टाकून उभा का आहे?’ असं म्हणून त्यांनी डोळा मिटला.

आमची सुटका केली ती कोपऱ्यावर राहणाऱ्या गॅसवाल्या दादाने. सिलिंडरची गाडी चालवणारा, उतरवणारा आणि खांद्यावर घेऊन माड्या चढणारा, असा तो एकच माणूस आहे. तो जेवून हात धूत होता. गडबड ऐकून वर आला, तेव्हा कुणीतरी त्याला म्हणालंच, ‘काही नाही रे, गॅस झालाय.’ त्याने नानांकडे एकदा पाहिलं, माझ्या हातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि बाकीच्यांना म्हणाला, ‘आता एकच माणूस बोलेल.’

मग तो जिना उतरून बोलतच बाहेर गेला. मी मागे धावलो, कारण फोन माझा होता.

त्याचं बोलणं मी लक्ष देऊन ऐकलं. त्याने पहिल्यांदा पायलटला काहीच सांगितलं नाही, विचारलं: ‘दादा, आत्ता समोर काय दिसतंय? दुकानाची पाटी वाच.’ पायलटने वाचली. त्यावरून तो कुठल्या बाजूला, कुठे तोंड करून उभा आहे, हे दादाला कळलं. पुढचं सगळं त्याने पायलटच्या काचेतून पाहिल्यासारखं सांगितलं. ‘तळं डावीकडे ठेव आणि हळू ये. डावीउजवी सोडून दे, तळं तुझ्या डाव्या हाताला राहिलं पाहिजे, बस्स. एक ट्रान्सफॉर्मर येईल, तो सोड. दुसरा ट्रान्सफॉर्मर आला की थांब. मी तिथे उभा आहे, हातात पांढरा टॉवेल. पुढे आलास तर चुकलास.’

त्यात एकही पाडलेली टॉकीज नव्हती, एकही पूर नव्हता, ‘थोडं पुढे’ नव्हतं आणि ‘दोन मिनिटांवर’ नव्हतं. अंधारात दिव्याच्या उजेडात दिसतील एवढ्याच गोष्टी होत्या. आणि शेवटची खूण म्हणजे तो स्वतः. ‘पुढे आलास तर चुकलास’ हे तर मला कधीच सुचलं नसतं. आम्ही कुठे यायचं ते सांगत होतो, कुठे थांबायचं ते कुणी सांगत नव्हतं.

गाडी आली. आळी हर्षभरित झाली आणि लगेच नाराज झाली, कारण गाडी आत येईना. पायलटने तोंडाशी थांबून आत प्रकाशझोत टाकला. गाडी रुंदीला साडेसहा-सात फूट, आरसे वेगळे. बोळ आठ फूट, त्यात एका बाजूला गटाराची झाकणं आणि दुसऱ्या बाजूला हँडल लॉक केलेल्या मोटारसायकली. त्याने मान हलवली, गाडी पुढे-मागे करून फिरवली आणि मागची दारं बोळाकडे, तोंड मोठ्या रस्त्याकडे, अशी लावली. इंजिन चालूच ठेवलं.

‘आत आणा की!’ गुरुजी म्हणाले. ‘गणपतीत ट्रक आत आला होता.’

‘बाहेर कधी गेला?’

‘…अनंत चतुर्दशीला.’

पायलटने ह्यावर काही म्हटलं नाही. दादाने मला नंतर समजावलं की तोंड करून आत आलेली गाडी पेशंट घेऊन उलटी बाहेर काढावी लागते, रात्री, गर्दीत, मागचं न दिसता. त्यात जाणारा वेळ चालत जाण्यापेक्षा जास्त. आणि डॉक्टर तर गाडी फिरत असतानाच उतरले होते. हातात बॅग, खांद्याला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर, ‘कुठे?’ एवढंच विचारत ते दादाच्या मागून झपाझप आत गेलेसुद्धा. आपण गाडीची वाट बघतो, पण उपचार गाडीतून नाही, माणसाच्या हातून यायचे असतात आणि तो माणूस चालत येऊ शकतो, हे आळीला पचायला जड गेलं. गाडी दारात आली नाही, हा नानांचा अपमान आहे, असं दोघातिघांचं मत पडलं.

आता उतरवणं. नाना मुळात माडीवर का होते? तर पूर. एकवीसच्या पाण्यात तळमजल्यावरचा पलंग गेला, टीव्ही गेला. तेव्हापासून माईंनी संसार वर नेला आहे आणि खाली फक्त पाण्याला देऊन टाकता येतील अशा वस्तू ठेवल्या आहेत. वर जायला लाकडी जिना, उभा, दोरी धरून चढायचा, आणि मध्यावर एक वळण. चाकांचं स्ट्रेचर सहा फूट लांब. ते गटाराच्या झाकणांवरून आदळत दारापर्यंत आलं आणि जिन्याच्या वळणाकडे पाहून तिथेच थबकलं.

‘मी उतरतो की चालत,’ नाना म्हणाले. ‘घाट उतरवलेत मी.’

‘एक पायरीसुद्धा नाही,’ डॉक्टर म्हणाले. हृदयाचं दुखणं असेल तर जिना उतरण्याचे श्रमही नकोत. ‘खुर्ची आणा. हात असलेली.’

लगेच खुर्च्यांचं प्रदर्शन भरलं. वहिनींनी प्लास्टिकची आणली. दादाने तिचा एक पाय दाबून पाहिला, तो दुमडला, खुर्ची परत गेली. गुरुजींनी त्यांची शिसवी आरामखुर्ची देऊ केली, तिला उचलायला नानांशिवायच चार माणसं लागली असती. अखेर माईंच्या जेवणाच्या टेबलाची लाकडी खुर्ची ठरली. नानांना बसवलं, धोतराने छातीशी आणि मांड्यांशी बांधलं, हात आत घ्यायला लावले. नाहीतर माणूस घाबरून दोरी धरतो आणि सगळी वरात जिन्यात अडकते. दादा पाठीमागे, पाठ धरून. पायलट खाली, पुढचे पाय धरून. पाय पुढे, डोकं वर, एकेक पायरी. सिलिंडर उतरवायची सवय दादाच्या कामाला येत होती. तो दर पायरीला ‘ठेव’ म्हणत होता आणि खरंच ठेवत होता.

वळणावर नानांच्या तोंडून ऑक्सिजनच्या मास्कमधून आवाज आला, ‘येऊ दे… येऊ दे… कट मार उजवीकडे…’

‘नाना, बोलू नका!’ आम्ही सगळे.

‘त्यांना बोलू दे,’ वरून दादा म्हणाला. ‘बरोबर सांगतायत.’

बोळात आणखी एक अडथळा होता, मोटारसायकलींचा. मालकांना हाका मारल्या. एक मालक म्हणाला चावी सापडत नाही, दुसरा म्हणाला माझी तर भिंतीला लागूनच आहे, तिसऱ्याने चालू करून काढता येते का ते बघू म्हणून ती चालू केली आणि बोळ धुराने भरला. शेवटी गाड्या चार-चार जणांनी उचलून बाजूला केल्या. स्ट्रेचरवर नाना, बाजूने डॉक्टर, मागे माई पिशवी घेऊन, आणि पुढे हातात पांढरा टॉवेल हलवत दादा. आमच्या वीरेश्वराच्या छबिन्याला सुद्धा एवढी वाट कधी मोकळी झाली नव्हती.

दार लावताना पायलटने मला विचारलं, ‘साहेब, तुमचा फोन?’ तो दादाच्या कानाला होता. आत्या बोलत होत्या. दादा त्यांना सांगत होता, ‘तळं डावीकडे ठेवा…’

नाना वाचले. रक्तवाहिनीत अडथळा होता, वेळेवर कळला, काढला. घरी आल्यावर त्यांची तक्रार एकच होती: ‘गाडीत पाय दाराकडे आणि डोकं ड्रायव्हरकडे करून झोपवतात. रस्ता दिसतच नाही माणसाला. उलट्या तोंडाने अख्खा प्रवास!’ पायलटने गाडी कशी चालवली, यावर मात्र त्यांनी एसटीच्या माणसाला देता येईल ती सर्वोच्च पदवी दिली. ‘बरी चालवली,’ म्हणाले.

माईंनी दादाकडून चार ओळी एका कागदावर मार्करने लिहून घेतल्या आणि जिन्याच्या दारावर, कुणाच्याही डोळ्यांसमोर येईल अशा चिकटवल्या. तालुका, जिल्हा, तळं कुठल्या हाताला, दुसरा ट्रान्सफॉर्मर. खाली: ‘फोन एकाने करा, नंबर मोकळा ठेवा, एक माणूस कोपऱ्यावर.’ नानांनी त्यात स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ घातली आहे, ‘पूल ओलांडल्यावर फाटा चुकू नये.’

मग आळीची सभा झाली. बोळाच्या तोंडाशी रात्रीही दिसेल असा फलक लावायचं ठरलं. फलकावर काय लिहायचं यावर दोन घराण्यांनी आपापल्या आजोबांची नावं पुढे केली, गुरुजींनी तिसरं सुचवलं, आणि सभा जवळजवळ मोडली. शेवटी दादाच्या सूचनेनुसार नाव न लिहिता नुसता बाण काढला, त्यावर चमकणारी पट्टी लावली आणि वर एक मोठा दिवा बसवला. दिव्याचा उजेड झकास पडतो. गाडी लावायला जागा चांगली, रात्री चोरीची भीती नाही, म्हणून आता त्या बाणाखाली तीन मोटारसायकली उभ्या असतात.